आधी किती होतं?

भाच्याने पोस्ट फोनवर पाठवली आणि खाली लिहिलं, ‘आत्या, फक्त शुद्धलेखन बघ.’

शुद्धलेखन ठीकच होतं. पोस्ट अशी होती :

‘सांगायला अत्यंत आनंद होतोय! कोकणातल्या एका सुंदर होमस्टेचा डिजिटल प्रवास मी पूर्णपणे बदलून टाकला. थेट बुकिंगमध्ये तब्बल ३००% वाढ! वेबसाइट १० पट वेगवान! रीलला ४०,००० व्ह्यूज! क्लायंटच्या पाहुण्यांचे शब्द वाचून डोळे पाणावले (स्क्रीनशॉट सोबत). एका छोट्या गावातल्या मुलासाठी हा प्रवास सोपा नव्हता. जिद्द आणि पॅशन असेल तर काहीच अशक्य नाही. अजून खूप शिकायचंय. तुमचाही व्यवसाय पुढच्या लेव्हलला न्यायचाय? आजच मेसेज करा!’

छोट्या गावातला हा मुलगा सहकारनगरात वाढला. माझा भाऊ वाई सोडून पुण्यात आला तेव्हा याचा जन्मही झाला नव्हता.

मी तीसेक वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. बातमीतले ‘तब्बल’, ‘चक्क’ आणि ‘अवघ्या’ हे तीन शब्द आमचे मुख्य उपसंपादक न वाचताच खोडायचे, वाचायला नंतर बसायचे. बातमीत टक्केवारी आली की मान वर न करता विचारायचे, ‘आधी किती होतं?’ उत्तर नसेल तर कागद परत. तेव्हा त्यांचा राग यायचा. त्या रविवारी भाचा पोहे खायला आला तेव्हा बशी त्याच्या हातात देताना माझ्याही तोंडून तेच निघालं.

‘काय आधी किती होतं?’

‘तीनशे टक्के वाढायच्या आधी.’

तो जरा थांबला. ‘तीन. तीनची बारा झाली.’

तीनची बारा म्हणजे चौपट, म्हणजे तीनशे टक्के वाढ. गणितात चूक नव्हती. पण तीन कधी आणि बारा कधी, हे विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. तीन बुकिंगं सप्टेंबरमधली आणि बारा मे महिन्यातली. दापोलीच्या किनाऱ्यावर सप्टेंबरात पाऊस सरता सरत नाही, समुद्र खवळलेला असतो, आणि मे महिन्यात शाळांना सुट्ट्या असतात, आंबे असतात, हर्णैच्या लिलावात मासळी बघायला गर्दी असते. सप्टेंबर ते मे वाढ झाली नसती तरच नवल होतं. वेबसाइट केली नसती, उलट असलेली बंद पडली असती, तरी आकडा वाढलाच असता.

त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं, हे मला नक्की माहीत आहे. काम सप्टेंबरात केलं, म्हणून ‘आधी’ म्हणजे सप्टेंबर. लिहायला बसला जूनमध्ये, म्हणून ‘नंतर’ म्हणजे मे. हंगामी धंद्यात फसगत होते ती अशी, अगदी सरळ मनाने. पण वाचणारा होमस्टेवाला असेल तर तो एका क्षणात ओळखेल. त्याच्याही सप्टेंबरच्या तिनाची मे महिन्यात बारा होतात, तीही कुणाला एक रुपया न देता.

‘मग मागच्या मेशी तुलना करायची का?’ त्याने विचारलं.

‘आहे का आकडा?’

आकडा होता, आणि तो संगणकात नव्हता. त्या घरचे काका (भाचा त्यांना काकाच म्हणतो) एक लांबडी नोंदवही ठेवतात. तारीख, पाहुण्याचं नाव, किती खोल्या, किती रात्री, पैसे, आणि शेवटच्या रकान्यात बुकिंग कुठून आलं : ‘ॲप’ किंवा ‘फोन’. चार खोल्यांचं निवास, मागे नारळी-पोफळी, पुढे चालत सहा मिनिटांवर समुद्र. हिशेब बघणारे काका एकटेच. भाच्याने त्यांना वहीच्या पानांचे फोटो मागितले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बावीस फोटो आले, अर्धे आडवे.

ते मोजायला आम्हाला दीड तास लागला. मागच्या मे महिन्यात थेट बुकिंगं आठ होती, या मे महिन्यात बारा. तीनशे टक्क्यांची एकदम चार बुकिंगं झाली. भाच्याचा चेहरा उतरला.

पण चार हाही फारसा बरा पुरावा नव्हता. एका महिन्यात चार बुकिंगं इकडची तिकडे व्हायला एखादा लग्नाचा मुहूर्त पुरतो, कुणा पाहुण्याने तीन मित्रांना सांगितलेलं पुरतं. म्हणून आम्ही पूर्ण हंगाम घेतला, ऑक्टोबर ते मे. दोन्ही वर्षांचे तेच आठ महिने, त्यात दिवाळीही आली, डिसेंबरअखेरही आणि उन्हाळ्याची सुट्टीही.

आदल्या हंगामात एकूण ११८ बुकिंगं, त्यांतली ३५ थेट, बाकी ॲपवरून. या हंगामात एकूण १२६, त्यांतली ६३ थेट.

हा आकडा मी दोनदा मोजायला लावला, कारण तो चांगला होता. (नको असलेला आकडा माणूस आपणहून पुन्हा मोजतो, हवा असलेला मोजत नाही.) तो बरोबर निघाला. शंभरात तीस थेट यायची, ती निम्मी झाली. आणि एकूण बुकिंगं मात्र आठच वाढली होती.

म्हणजे भाच्याने जी गोष्ट सांगितली होती ती मुळात घडलीच नव्हती. पाहुणे वाढले नव्हते. चार खोल्या शनिवार-रविवारी आधीही भरत होत्या आणि मधल्या वारी आधीही रिकाम्या राहत होत्या. घडलं होतं ते वेगळंच : तेच, तेवढेच पाहुणे आता ॲपला वळसा घालून सरळ काकांकडे येत होते. काकांच्या करारात ॲपचं कमिशन १८ टक्के आहे आणि सरासरी बुकिंग दोन रात्रींचं, पाच हजारांचं. म्हणजे एका बुकिंगमागे ९०० रुपये घरात राहत होते.

हे ऐकल्यावर काका जे म्हणाले ते भाच्याने पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. ‘अरे, मला कुठे जास्त लोक हवेत? आहेत तेवढ्यांचंच सूनबाईला आवरत नाही. माझं दुखणं ते कमिशन होतं.’

पोस्टमध्ये ‘वाढ’ हा शब्द त्या क्षणी मेला.

आता एक प्रश्न उरला होता, आणि तो मी विचारला नसता तर बरं झालं असतं असं भाच्याला आजही वाटतं. ही थेट आलेली माणसं वेबसाइटमुळेच आली, हे कशावरून? वहीत ‘फोन’ लिहिलंय. पण फोन करणाऱ्याला नंबर कुठे मिळाला? एखादा जुना पाहुणा असेल. एखाद्याने ॲपवर निवास बघितलं असेल, मग गूगलवर नाव टाकून नंबर काढला असेल आणि थेट फोन केला असेल. हे तर सर्रास होतं, मी स्वतः करते. अशा माणसाला शोधून आणलं ॲपने, आणि श्रेय लावायचं वेबसाइटला?

सुदैवाने जानेवारीपासून काकांच्या सूनबाईंनी स्वतःच्या चौकसपणापायी एक प्रश्न विचारायला सुरुवात केली होती : ‘नंबर कुठून मिळाला?’ उत्तर त्या वहीत नावाशेजारी बारीक अक्षरात लिहायच्या. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत ४१ थेट बुकिंगं होती. त्यांतल्या १७ जणांनी गूगल किंवा वेबसाइट सांगितलं, १५ जण जुने किंवा ओळखीतून आलेले, आणि ९ जणांपुढे काहीच लिहिलेलं नाही. बहुधा त्या दिवशी घाई असेल.

म्हणजे ज्याच्यावर भाचा बोट ठेवू शकत होता तो आकडा होता १७. आणि त्या सतरांतही ॲपवर आधी बघून आलेले किती, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

‘तीनशेवरून सतरावर आलो,’ तो म्हणाला. ‘हे कोण वाचणार?’

मी त्याला नऊशे गुणिले सतरा करायला सांगितलं. पंधरा हजार तीनशे. पाच महिन्यांत, चार खोल्यांच्या घरात. ज्याच्याकडे अशाच चार खोल्या आहेत तो हा गुणाकार मनातल्या मनात करतो, आणि स्वतः केलेल्या गुणाकारावर माणसाचा विश्वास असतो. म्हणून आम्ही ठरवलं की पोस्टमध्ये ९०० लिहायचे, १७ लिहायचे आणि गुणाकार लिहायचा नाही.

वेगाचा दावा त्यामानाने लवकर निकालात निघाला. ‘१० पट वेगवान’ हे भाच्याने पेजस्पीड या गूगलच्या वेग तपासायच्या साधनातल्या मोबाइल गुणांवरून अंदाजाने लिहिलं होतं. ते गुण तीस-पस्तिसावरून नव्वदीत गेले होते. त्याचे दहा पट कसे होतात ते त्यालाही सांगता येईना. शिवाय ते गुण एका ठरावीक कल्पित फोनवर आणि कल्पित नेटवर्कवर काढलेले असतात, आणि लागोपाठ दोनदा तपासलं तरी थोडे वरखाली होतात. खऱ्या लोकांच्या फोनवर पान किती वेळात उघडलं याची गूगलकडे वेगळी नोंद असते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर गूगल ते चांगलं धरतं. पण एवढ्या लहान साइटला पुरेसे लोक भेट देत नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी ही नोंद दिसतच नाही.

‘मग आधीच्या साइटचा वेग मोजलाच नव्हतास?’

नव्हता. कामाला हात घालण्याआधी जुन्या अवस्थेची नोंद करणं हे रंगाऱ्यालाही सुचतं, तो भिंतीच्या पोपड्यांचा फोटो काढून ठेवतो. याला सुचलं नाही. पण जुन्या साइटची प्रत त्याच्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये तशीच पडली होती, आणि त्यात पहिल्या पानावरचे नऊ फोटो होते, फोनमधून काढून थेट चढवलेले, प्रत्येकी तीन-साडेतीन एमबीचे. सगळे मिळून ३१ एमबी. नवे नऊ फोटो मिळून दीड एमबीच्या आत. हे कुणालाही मोजून बघता येतं आणि ज्याला संगणकातलं काही कळत नाही त्यालाही समजतं : आधी पाहुण्याला खोली बघायला ३१ एमबी उतरवून घ्यायला लागायचं, घाटात रेंज जात-येत असताना. ‘१० पट’ गेलं आणि एमबी आले.

स्क्रीनशॉटवरून मात्र आमचं थोडं वाजलं. त्याने जोडलेला स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपचा होता. एका पाहुणीने सूनबाईंना लिहिलं होतं की वेबसाइट बघूनच आम्ही ठरवलं, फारच छान. वर पाहुणीचं पूर्ण नाव, तिचा मुलीबरोबरचा फोटो आणि नंबराचे शेवटचे आकडे. भाच्याने नाव फोनमधल्या काळ्या ब्रशने झाकलं होतं. मी तोच फोटो उघडून उजेड पूर्ण वाढवला आणि काळ्या पट्ट्याखालचं नाव त्याला वाचून दाखवलं. फोनमधले काही ब्रश हे अर्धपारदर्शक असतात. वरून काळं दिसतं, खालचं पुसलेलं नसतं. झाकायचं तर भरीव चौकोन टाकावा किंवा तो भाग कापूनच टाकावा.

पण माझा खरा आक्षेप वेगळा होता. त्या बाईंनी तो निरोप सूनबाईंना लिहिला होता, भाच्याच्या जाहिरातीसाठी नव्हे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि पुरावा म्हणूनही त्याची किंमत किती? शंभर पाहुण्यांतल्या एकीचं कौतुक. असा स्क्रीनशॉट दोन फोन घेऊन पाच मिनिटांत कुणीही बनवू शकतं, हे वाचणाऱ्यांना आता चांगलं माहीत झालंय. आम्ही तो काढला. त्याऐवजी वहीचं एक पान घ्यावं असं भाच्याचं म्हणणं पडलं, त्यावरही पाहुण्यांची नावं होती. शेवटी काकांनीच तोडगा काढला. त्यांनी कोऱ्या कागदावर दोन हंगामांचे आकडे आपल्या अक्षरात लिहिले, खाली तारीख घातली, फोटो पाठवला. पाच या आकड्याला त्यांची जुन्या वळणाची शेपूट आहे. तो कागद मला सगळ्या स्क्रीनशॉटांहून बोलका वाटला.

काकांना परवानगी विचारण्याचाही एक प्रसंग झाला. ‘आकडे घाल, पण आमचं नाव नको,’ ते म्हणाले. ॲपवाल्यांशी अजून निम्मा धंदा आहे, उगाच वाईटपणा कशाला. भाच्याला वाटलं, नाव नाही तर पुरावा कसला? त्याचं म्हणणं चूक नव्हतं. निनावी आकड्यावर विश्वास ठेवायला वाचणाऱ्याकडे कारण नसतं. मग त्याने काकांना विचारलं, कुणी खरंच काम द्यायला निघालं आणि तुमच्याशी बोलू म्हणालं तर? ‘हां, तर दे ना जोडून. दुपारी चारनंतर.’ ही एक ओळ पोस्टमध्ये गेली आणि नावाची उणीव बरीचशी भरून निघाली.

एवढं झाल्यावर वाक्यं उरली. मी त्याला पोस्टची प्रत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणायला लावली, कारण पडद्यावर मला खोडता येत नाही. लाल पेनाने पहिल्यांदा ‘मी’ला गोल केले. त्याला वाटलं, फुशारकी घालवायची म्हणजे ‘मी’ खोडायचा. त्याने लगेच दुरुस्ती सुचवली : ‘वेबसाइट सुधारण्यात आली, फोटोंचा आकार कमी करण्यात आला.’ वाचून वाटलं, ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवावं. कुणी केलं तेच कळेना, आणि फ्रीलान्सरच्या पोस्टमध्ये तेवढंच तर सांगायचं असतं.

मराठीत या बाबतीत एक सोय आहे. ‘मी तज्ज्ञ आहे’ या वाक्यातलं क्रियापद माझ्यामागे चालतं. ‘मी फोटो लहान केले’ यातलं ‘केले’ मात्र फोटोंच्या मागे जातं. ‘मी नकाशावरची खूण दुरुस्त केली’, इथे ‘केली’ त्या खुणेची. कर्ता म्हणून मी तिथेच उभा असतो, पण वाक्याची मान कामाकडे वळलेली असते. मी भाच्याला म्हटलं, ‘मी’ ठेव, पण पुढे असं क्रियापद आण की ज्याला कर्म लागतं. ‘प्रवास बदलून टाकला’ यालाही कर्म आहे म्हणा, पण प्रवास ही काही नऊ फोटोंसारखी मोजायची वस्तू नव्हे. जिथे कर्म मोजता येत नव्हतं तिथे वाक्यच काढलं. त्यात जिद्द गेली, पॅशन गेलं, आणि छोट्या गावातला मुलगा आपल्या सहकारनगरात परतला.

‘अजून खूप शिकायचंय’ हे त्याला ठेवायचं होतं. तेवढाच नम्रपणा, म्हणाला. मला ते वाक्य सगळ्यात जास्त खटकलं होतं. तीनशे टक्क्यांनंतर हात जोडून उभं राहणं हा फुशारकीचाच दुसरा अंक. खरंच काही शिकायचं राहिलं असेल तर ते काय, ते सांगावं. तेव्हा रीलचा विषय निघाला. त्याने हंगामात अकरा रील केले होते, एकाला ४०,००० व्ह्यूज मिळाले, आणि वहीतल्या बारीक अक्षरांत ‘रील बघून’ असं एकदाही लिहिलेलं नव्हतं. पोस्टमध्ये हा आकडा पराक्रम म्हणून होता, आम्ही तो फसलेला प्रयोग म्हणून ठेवला. आकडा तोच राहिला, जागा बदलली. असे दोन-तीन फसलेले प्रयोग सांगायचा त्याला मग मोहच झाला, मी एकावर थांबवलं. अपयशाचीही टिमकी वाजवता येते.

आणि सूनबाई. पहिल्या पोस्टमध्ये त्या कुठेच नव्हत्या. खोल्यांचे नवे फोटो त्यांनी काढले होते, सकाळी साडेसातला, खिडकीतून तिरपं ऊन येतं तेव्हा, जुन्याच फोनवर. चौकशीच्या मेसेजला त्याच उत्तर देतात, बहुतेक वेळा दहा मिनिटांत. थेट बुकिंग वाढण्यात फोटो लहान करण्याचा वाटा किती आणि या दहा मिनिटांचा किती, ते वेगळं काढायला काही साधन नाही. मला विचाराल तर दहा मिनिटांचा जास्त. भाच्याने त्यांचा उल्लेख घालण्याला उदारपणा मानलं, मी हिशेब मानला. उद्या दुसऱ्या कुणी मालकाने याच्याकडून तसंच सगळं करून घेतलं आणि मेसेजला रात्री उत्तर दिलं, तर तो विचारेल, माझं का नाही झालं?

शेवटी जे उभं राहिलं ते असं :

‘दापोलीजवळ चार खोल्यांचं एक घरगुती निवास आहे. गेल्या वर्षीपर्यंत त्यांची दहातली सात बुकिंगं ॲपवरून यायची आणि प्रत्येकामागे साधारण ९०० रुपये कमिशन जायचं. स्वतःची वेबसाइट होती, पण मोबाइलवर ती उघडता उघडत नसे, आणि नकाशावरची खूण शेजारच्या वाडीत होती.

सप्टेंबरमध्ये मी पहिल्या पानावरचे फोटो लहान केले (३१ एमबीचे दीड एमबीच्या आत आले), खोल्यांचे दर पहिल्याच पानावर आणले, व्हॉट्सॲपचं बटण लावलं आणि नकाशावरची खूण दुरुस्त केली. नवे फोटो घरच्या सूनबाईंनी काढले. चौकशीला उत्तरंही त्याच देतात, बहुतेक वेळा दहा मिनिटांत.

ऑक्टोबर ते मे, त्यांच्या नोंदवहीतून : आदल्या हंगामात ११८ बुकिंगं, त्यांतली ३५ थेट. या हंगामात १२६, त्यांतली ६३ थेट. जानेवारीपासून ‘नंबर कुठून मिळाला’ असं विचारलं. ४१ थेट बुकिंगांपैकी १७ जणांनी गूगल किंवा वेबसाइट सांगितलं, १५ जण जुने किंवा ओळखीचे, ९ जणांची नोंद नाही.

एकूण पाहुणे फारसे वाढले नाहीत. अकरा रील केले, एकाला ४०,००० व्ह्यूज मिळाले. त्यातून आलेलं एकही बुकिंग वहीत नाही.

तुमचं चार-सहा खोल्यांचं निवास असेल आणि बहुतेक बुकिंगं ॲपवरून येत असतील, तर हे काम मी करतो. तीन आठवडे लागतात. आधी मागच्या वर्षीची नोंदवही बघायला मागेन. या मालकांशी बोलायचं असेल तर दुपारी चारनंतर फोन जोडून देईन.’

सोबत काकांच्या अक्षरातला कागद.

भाच्याने वाचून पाहिलं. ‘यात मी कुठे ग्रेट वाटत नाही,’ तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, ‘पण कुणी काही विचारलं तर घाबरायला नको.’

लाइक त्याच्या नेहमीच्या पोस्टपेक्षा कमी पडले, जवळजवळ निम्मे. त्याच्या मित्रांपैकी एकाने खाली विचारलं की रीलचं कशाला लिहिलंस. माझ्या भावाने अंगठा दिला, पण तो सगळ्यालाच देतो. पहिल्या आठवड्यात दोन फोन आले. एक गुहागरचे गृहस्थ होते. त्यांनी वही ठेवलेली नव्हती, सगळं डोक्यात आहे म्हणाले. भाच्याने त्यांना सांगितलं की या हंगामापासून ठेवायला लागा, मग बघू. मला वाटलं होतं तो काम घेऊन टाकेल.

दुसरा फोन अलिबागकडच्या एका बाईंचा होता. त्यांनी पोस्ट दोनदा वाचली होती, चारनंतर काकांशी बोलूनही झालं होतं, वेबसाइटही बघितली होती. कामाचं काय ते पुढच्या महिन्यात ठरवू म्हणाल्या. तूर्त त्यांना एवढंच विचारायचं होतं, की त्या सूनबाई बाहेरच्यांचे फोटो काढून देतात का, आणि किती घेतात.